चौघांचा मसालेभात साठ जणांना: पाणी, तिखट आणि वेळ किती वाढवायची

पहिल्यांदा मोठ्या भगुण्यात मसालेभात केला तो खानापूरला, भाच्याच्या बारशाला. घरची कृती तोंडपाठ होती. माणसं किती ते विचारलं, त्यावरून गुणाकार केला आणि सगळं त्याच पटीत घातलं. पाणी ओतत असताना मागून आक्काचा आवाज आला, "अगं, पाणी पण बारापट घालायलीस काय?" मी म्हटलं, तांदूळ बारापट आहे, मग पाणी पण तेवढंच लागणार की. आक्का काही बोलली नाही. दीड तासाने वरचा भात ठीक होता, मधला मऊ आणि तळाला गिचका. लोकांनी खाल्ला, कारण बारशाच्या पंगतीत कोण बोलतंय. पण त्या दिवसापासून मी कुठलीही कृती वाढवायच्या आधी ती दोनदा वाचते. एकदा जिन्नसांसाठी आणि एकदा वेळांसाठी.

ते वाचन कसं करायचं, हे एकाच उदाहरणावर दाखवते. मसालेभातच घेते, कारण आमटी किंवा बिसीबेळेभातात पाणी चुकलं तर पुढेमागे सावरता येतं. मोकळ्या भातात तशी सवड नसते.

ही माझी घरची कृती. २ वाट्या तांदूळ, ४ वाट्या पाणी, १ मोठा कांदा, तोंडली आणि बटाटा मिळून पाव किलो, ४ मोठे चमचे तेल, २ लहान चमचे मीठ, २ लहान चमचे गोडा मसाला, १ लहान चमचा तिखट, ४ लवंगा, दालचिनीचा एक तुकडा, एक तमालपत्र, मोहरी, हिंग, हळद. तेलात फोडणी करून कांदा ५ मिनिटं परता, भाजी घालून ३ मिनिटं परता, धुतलेले तांदूळ घालून २ मिनिटं परता, पाणी ओता, उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं शिजवा. चौघांना पुरतो.

आधी पट ठरवा, आणि ती माणसांवरून ठरवू नका

चौघांचं साठांना करायचं तर पंधरापट, असं कुणीही म्हणेल. पण चौघांना पुरतो तो रात्री दुसरं काही नसताना. पूजेच्या नाहीतर बारशाच्या जेवणात पुरी-भाजी असते, कोशिंबीर असते, शिरा असतो, शेवटी वरणभातही असतो. अशा ताटात एका माणसामागे ७० ग्रॅम कच्चे तांदूळ धरले तर पुरतात. साठ जणांना ४ किलो २०० ग्रॅम झाले.

आता घरच्या २ वाट्या वजनकाट्यावर ठेवा. माझ्या २०० मिलीच्या वाटीने त्या ३५० ग्रॅम भरतात. ४,२०० भागिले ३५०, म्हणजे १२. आपली पट १२ झाली. पंधराने गुणलं असतं तर एक किलोहून जास्त तांदळाचा भात उरला असता.

याच वेळी बाकीचे जिन्नसही वजनावर आणून कागदावर लिहून काढा. घरी चमचा थोडा शिगोशीग झाला तर कळत नाही. तीच चूक बारा वेळा झाली की मिठात चांगली जाणवते. माझे २ लहान चमचे मीठ १२ ग्रॅम भरतं, त्याच्या बारापट १४४ ग्रॅम. तेवढं वाटीत काढून ठेवलं की चमचे मोजताना कुणी हाक मारली तरी हिशोब चुकत नाही.

जिन्नस वाचताना विचारायचं, हा इथे काय काम करतो?

तांदूळ, भाजी आणि कांदा हे पोट भरणारे जिन्नस. ते सरळ बारापट. भाजी ३ किलो होते. फक्त फोडी घरच्यापेक्षा मोठ्या करा. मोठ्या भांड्यात त्या जास्त वेळ गरम राहतात आणि वरून जास्त भाराखाली असतात. घरच्या मापाचा बटाटा तिथे विरघळतो.

मीठही बारापट, कारण मीठ किती लागतं ते एकूण वजनावर असतं. तरी १४४ पैकी १३० ग्रॅमच आधी घालते. पाण्याला उकळी आली की चमचाभर पाणी चाखून बघायचं. ते आमटीपेक्षा थोडं खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ अजून अळणी आहे आणि तो हे मीठ ओढून घेणार आहे. पाणी आमटीइतकंच बरोबर लागत असेल तर भात सपक होतो. मग उरलेलं मीठ घाला. तांदूळ पडल्यावर मीठ सारखं पसरवणं कठीण, म्हणून हा निर्णय इथेच.

तेलाचं काम दोन प्रकारचं. एक भांड्याच्या तळावर पसरून फोडणी तळायची, दुसरं दाण्याला लागायचं. तळ काही बारापट वाढत नाही. माझं घरचं पातेलं २० सेंटिमीटर रुंद, भाड्याने आणतो ते ४५ सेंटिमीटरचं. त्याच्या तळाचं क्षेत्र साधारण पाचपट होतं. म्हणून ६० मिलीच्या बारापट, म्हणजे ७२० मिली तेल घातलं तर भात तेलकट लागतो. ४५० ते ५०० मिलीत काम होतं. वाढताना वरून तूप असतंच.

खडा मसाला आणि तिखट यात मी हात आखडता घेते, पण त्याचं कारण वेगळं आहे. साठ जणांचा भात शिजायला लागल्यापासून वाढेपर्यंत दीड-दोन तास झाकणाखाली गरम असतो. लवंग, दालचिनी तेवढा वेळ अर्क सोडत राहतात. घरी ४ लवंगा म्हणून इथे ४८ घातल्या तर भाताला औषधाचा वास येतो. ३० बस झाल्या. गोडा मसाला बारापटीने २४ लहान चमचे होतो. १८ घालून पाणी चाखते, मग गरज वाटली तर पुढचा.

तिखटाला आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे कृतीतलं 'तिखट' कुठल्या मिरचीचं. आमच्या भागात संकेश्वरी मिरचीचं तिखट घरोघरी असतं आणि ते चांगलंच झणझणीत. ब्याडगीचं रंगाला गडद, जिभेला सौम्य. तुमची कृती संकेश्वरीवर बेतलेली असेल तर पंगतीसाठी १२ चमच्यांऐवजी ४ चमचे संकेश्वरी आणि ४ चमचे ब्याडगी घ्या. रंग भरपूर येतो आणि लेकरंही खातात. ज्यांना तिखट हवं त्यांच्यासाठी पानात ठेचा असतोच.

मोहरी, हिंग, हळद यांचा फार विचार करू नका, सात-आठपट पुरे. खोबरं-कोथिंबीर ताटावर भुरभुरायची असते, तेव्हा ती अंदाजाने.

पाणी

आक्का बोलली नाही ती गोष्ट ही. कृतीतल्या ४ वाट्या पाण्याची दोन कामं आहेत. काही पाणी तांदूळ पितो, काही वाफ होऊन जातं. पिण्याचं पाणी तांदळाच्या पटीत वाढतं. वाफेचं पाणी भांड्याच्या तोंडावर आणि उघडं उकळण्याच्या वेळेवर असतं, ते तेवढं वाढत नाही. दोन्ही एकत्र गुणलं की गिचका.

मग कोणतं पाणी किती, ते कसं कळणार? कार्यक्रमाच्या आधी एकदा घरी नेहमीसारखा भात करा आणि पातेलं दोनदा वजन करा. पाणी ओतल्याबरोबर एकदा, भात तयार झाल्यावर झाकणाआतलं पाणी आत झटकून दुसऱ्यांदा. माझं पातेलं सगळ्यासकट आधी २,७०० ग्रॅम भरलं, नंतर २,४६०. मधले २४० ग्रॅम वाफ होऊन गेले. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली. घातलं होतं ८००, त्यातून २४० गेलं, तर तांदळाने आणि भाजीने ठेवून घेतलं ५६०.

आता ५६० गुणिले १२, म्हणजे ६,७२० मिली. वाफेचं २४० गुणिले ५, कारण तोंड पाचपट, म्हणजे १,२००. एकूण ७,९२०. सोयीसाठी ८ लिटर. नुसत्या गुणाकाराने ९ लिटर ६०० मिली झालं असतं. खानापूरला माझा घोटाळा झाला तो या दीड लिटरचा.

हे ८ लिटरही दगडावरची रेघ नाही. आच किती मोठी, झाकण किती घट्ट यावर वाफ थोडी कमीजास्त होते. म्हणून ८ लिटर घालायचं आणि एक लिटर उकळतं पाणी शेजारी ठेवायचं. घातलेलं पाणी काढता येत नाही, घालायचं मात्र कधीही घालता येतं.

धुतलेल्या तांदळात किती पाणी अडकतं तेही बघा. घरी ३५० ग्रॅम तांदूळ धुऊन निथळल्यावर ४२० भरला, ७० ग्रॅम पाणी धरलं. त्या हिशोबाने ४,२०० ग्रॅमचा ५,०४० व्हायला हवा. पण मोठ्या टोपलीत ढीग खाली नीट निथळत नाही. तो ५,४०० भरला तर ३६० मिली पाणी जास्तीचं आत आहे, तेवढं ८ लिटरमधून कमी करा. टोपलीत अर्धा तास पसरून, मधे एकदा हलक्या हाताने उलटवला तर हा फरक फारसा राहत नाही.

तांदूळ जुना घ्या. मी मागच्या हंगामाचा सोना मसुरी घेते. सुगीनंतर नुकताच भरडून आलेला नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि चिकटतो. नवाच वापरायचा असेल तर वरची वजनाची चाचणी त्याच पोत्यातल्या तांदळावर करा. आंबेमोहोर पेजेला, वरणभाताला सुरेख, पण साठ जणांच्या मोकळ्या भाताला नको.

वेळा वाचताना विचारायचं, ही वेळ कुणाची?

कृतीत चार वेळा मिनिटं लिहिलेली असली तरी ती एका जातीची नसतात.

'कांदा ५ मिनिटं परता' ही वेळ कांद्यातल्या पाण्याची आहे. कांद्यात बहुतेक सगळं पाणीच असतं. ते उडून गेल्याशिवाय तो गुलाबी होत नाही. सव्वा किलो कांदा एकदम टाकला तर पाणी बारापट आणि तळ पाचपट. कांदा तळला जात नाही, आपल्याच वाफेत उकडतो, पांढरा आणि गोडसर राहतो. त्याला २५ मिनिटं लागू शकतात. माझा उपाय म्हणजे रुंद कढईत दोन घाण्यात तळून घेणं. घड्याळ बघू नका, रंग बघा. कृतीत नुसती मिनिटं दिली असतील तर तिथे पेन्सिलीने 'गुलाबी होईपर्यंत' असं लिहून ठेवा.

'उकळी आली की' ही वेळ वजनाची आणि आचेची. घरी ८०० मिलीला पाच-सहा मिनिटं लागतात. ८ लिटर गार पाणी घरच्या शेगडीवर उकळायला अर्धा तास सहज जातो, भाड्याच्या मोठ्या शेगडीवर पंधरा-वीस मिनिटं. तेवढा वेळ तांदूळ कोमट पाण्यात बसला तर तळाचा फुगून फुटतो आणि वरचा तसाच राहतो. म्हणून आधण वेगळ्या भांड्यात आधीच ठेवायचं. आणि पाणी मोजायचं ते ओतताना. उकळायला ठेवताना मोजलं तर मधे उडालेलं पाणी हिशोबात येत नाही.

'तांदूळ २ मिनिटं परता' ही पायरी मी मोठ्या भगुण्यात काढूनच टाकते. पाच किलो ओला तांदूळ उलथन्याने परतायला गेलं की दाणे मोडतात, मोडलेल्या दाण्यातून पिठूळपणा सुटतो आणि भात चिकट होतो. त्याऐवजी क्रम उलटवायचा. फोडणी, कांदा, भाजी, मसाला झाला की उकळतं पाणी ओतायचं, त्याला खळखळून उकळी आली की चव बघायची आणि मग तांदूळ चार-पाच वेळा ओंजळीने पसरून सोडायचा. एकदाच तळापासून हलवायचं. चवीत फरक कळत नाही, मोकळेपणात कळतो.

'मंद आचेवर १५ मिनिटं' ही वेळ दाण्याची. दाणा चारजणांसाठी शिजतोय की साठ जणांसाठी, त्याला पत्ता नसतो. त्याला लागते तेवढीच वेळ लागते. उलट मोठं भांडं आच बंद केल्यावरही पाऊण तास चटका देईल इतकं गरम राहतं, म्हणून इथे वेळ कमी करायची. १० मिनिटं मंद आच, मग बंद करून २५ मिनिटं झाकलेलं. घरच्या कृतीत ती वाफेवरची वेळ लिहिलेली नसते कारण तिथे ती पाच मिनिटांची असते.

एक बारीक गोष्ट, मुंबईहून आलेली कृती वापरणाऱ्यांसाठी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळे पाणी इथे १०० ऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. दाणा एक-दोन मिनिटं जास्त घेतो. स्वतःच्या घरची कृती असेल तर तो हिशोब त्यात आधीच आलेला आहे.

भांडं आणि एका दिवसाचं घड्याळ

शिजलेला हा भात पंधरा किलोच्या आसपास भरतो. ४५ सेंटिमीटर रुंद भगुण्यात त्याचा थर बारा-तेरा सेंटिमीटर येतो, तो चालतो. हाच भात ३५ सेंटिमीटरच्या उभट भांड्यात केला तर थर वीतभर होतो आणि खालचे दाणे वरच्या वजनानेच चेपतात. भांडी भाड्याने देणारा 'मावेल की' म्हणतो. मावण्याचा प्रश्नच नसतो, थर किती येतो ते विचारायचं. माझा नेम म्हणजे एका भांड्यात ५ किलोच्या वर तांदूळ नाही. शंभर माणसं असतील तर दोन भांडी, दुसरं वीस मिनिटं उशिरा चढवायचं. त्यामुळे पंगतीला शेवटपर्यंत गरम भात मिळतो.

साडेबाराला पान वाढायचं असेल तर पावणेअकराला तांदूळ धुऊन निथळत ठेवा, आधण चढवा आणि कांद्याचा पहिला घाणा टाका. साधारण सव्वाअकराला कांदा होतो. भाजी दहा मिनिटं. आधण ओतून पुन्हा उकळी, मीठ-तिखट चाखणं यात आणखी सात-आठ मिनिटं. साडेअकरा-अकरा पस्तीसला तांदूळ आत. मग झाकण न ठेवता मोठ्या आचेवर, पाणी तांदळाच्या पातळीला येऊन भोकं दिसू लागेपर्यंत. याला पंधरा मिनिटं लागतात. तिथे आच एकदम कमी, शेगडीवर लोखंडी तवा, त्यावर भगुणं, भातावर केळीचं पान, वर झाकण आणि त्यावर काहीतरी जड. १० मिनिटांनी, साधारण बाराला, बंद. साडेबाराला उघडा. घरी सगळं मिळून पाऊण तासात होतं, इथे पावणेदोन तास. बारापट माल आणि वेळ जेमतेम अडीचपट, कारण त्यातल्या काहीच वेळा वाढल्या.

झाकण न उघडता काय कळतं

मंद आचेच्या त्या दहा मिनिटांत कान द्या. आत पाणी आहे तोवर फतफत असा जड आवाज येतो. तो बारीक होत जाऊन चुरचुर ऐकू आली की तळाचं पाणी संपलं. तेव्हा दहा मिनिटं व्हायची वाट न बघता बंद करा. चुरचुर सातव्या मिनिटालाच आली तर पाणी कमी पडलंय. वरचे दोन दाणे बोटाने चेपा. मधे पांढरा टणक कण लागला तर राखून ठेवलेल्या उकळत्या पाण्यातलं तीन-चारशे मिली कडेकडेने शिंपडा, केळीचं पान पुन्हा दाबा आणि आच बंद ठेवूनच दहा मिनिटं थांबा. त्यानेही कण राहिला तरच अगदी मंद आच.

तळ लागल्याचा वास आला तर अजिबात ढवळू नका. वरचा भात परातीत उतरवा, खालचे दोन बोटं तसेच सोडा. वास ढवळल्यानेच पसरतो.

आणि गिचका झालाच तर तो परत मोकळा होत नाही. लगेच दोन-तीन परातींत पातळ पसरला तर निदान आतल्या उष्णतेने आणखी शिजत राहत नाही. मी त्या बारशाला तेवढंही केलं नव्हतं, झाकण ठेवून देवाला हात जोडले होते.

उरलेल्या भातालाही मोठं भांडं घातक. पंधरा किलोतला चार किलो उरला आणि तसाच झाकून ठेवला तर तो संध्याकाळपर्यंत आतून कोमट राहतो. भातात वाढणाऱ्या जंतूंना तेच हवं असतं, आणि त्यांनी सोडलेलं विष दुसऱ्या दिवशी गरम केल्यानेही जात नाही. पंगत उठल्याबरोबर परातीत बोटभर थराने पसरा आणि दोन तासांच्या आत लहान डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवा. पाहुण्यांना बांधून द्यायचा असेल तर सकाळी नाही, त्याच वेळी द्या.